मेणाच्या किती पट धातू?

देवळासाठी किंवा देवघरासाठी भरीव पंचधातूची मूर्ती घडवायची ठरली, की पहिला प्रश्न वजनाचा येतो. मूर्तीची किंमत किलोवर ठरते. मुशीत किती धातू वितळवायचा, हे ओतणाऱ्याला आधी माहीत असावे लागते. चौथरा किती भक्कम हवा आणि उत्सवात मूर्ती किती जणांनी उचलायची, हेसुद्धा वजनावरच अवलंबून असते. पण हा प्रश्न विचारला जातो तेव्हा धातूची मूर्ती अस्तित्वातच नसते. समोर असतो तो मेणाचा किंवा मातीचा नमुना. त्या नमुन्यावरून होणाऱ्या मूर्तीचे वजन बऱ्यापैकी अचूक सांगता येते आणि त्यासाठी लागणारे गणित शाळेत शिकलेल्या गणितापलीकडचे नाही. फक्त ते कुठे फसते, हे ठाऊक असले पाहिजे.

भरीव मूर्तींच्या ओतकामाची परंपरा आजही जिवंत असलेले एक प्रमुख ठिकाण म्हणजे तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे स्वामीमलै. कावेरीकाठच्या या गावात स्थपतींची घराणी पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या उत्सवमूर्ती ओततात. पद्धत चोळांच्या काळापासून चालत आलेली आहे. मधमाशीचे मेण, राळ आणि थोडे शेंगदाणा तेल एकत्र वितळवून मऊ मेण तयार करतात आणि त्यातून मूर्ती बोटांनी व कोरणीने घडवतात. धातू आत शिरावा आणि हवा बाहेर पडावी म्हणून तिला मेणाच्याच नळ्या जोडतात. मग कावेरीच्या बारीक गाळमातीचा पहिला लेप देतात. हा लेप इतका मऊ असतो की मेणावरची प्रत्येक रेघ त्यात उमटते. त्यावर जाड मातीचे थर चढवतात, मोठ्या साच्याला तारेने बांधतात, साचा वाळवतात आणि तापवून मेण बाहेर काढतात. आत राहते ती मूर्तीच्या आकाराची पोकळी. तीत वितळलेला धातू ओततात आणि थंड झाल्यावर साचा फोडतात. एका साच्यातून एकच मूर्ती निघते.

वजनाच्या गणिताचे मूळ या पोकळीतच आहे. मेणाने जितकी जागा व्यापली होती तितकीच जागा धातू व्यापतो. घनफळ तेच राहते, बदलतो तो पदार्थ. म्हणून मेणाचे वजन मोजले आणि तेवढ्याच जागेत धातू मेणापेक्षा किती पट जड होतो हे कळले, की धातूचे वजन मिळते.

हे आपल्याकडे फार पूर्वीच लिहून ठेवले गेले आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा याच घराण्याच्या राज्यात होता. मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतण्याची कृती या ग्रंथात दिली आहे. मातीचा लेप देण्याआधी मेण तोलून घ्यावे आणि त्या प्रमाणात धातू घ्यावा, असा नियम त्यात सांगितला आहे. तांबे-पितळेसाठी मेणाच्या आठ ते दहापट, रुप्यासाठी बारापट आणि सोन्यासाठी सोळापट असे हे हिशेब आहेत. ओतकाम करणाऱ्यांच्या तोंडी आजही ‘मेणाच्या आठपट’, ‘नऊपट’, ‘दहापट’ अशी भाषा असते.

हे आकडे आजच्या मोजमापाशी ताडून पाहिले की नियम नेमका कसा चालतो ते उलगडते. शुद्ध मधमाशीच्या मेणाचा एक घन सेंटिमीटर साधारण 0.96 ग्रॅम भरतो. तांब्याचा तेवढाच तुकडा 8.96 ग्रॅम भरतो. म्हणजे तांबे मेणाच्या सुमारे सव्वानऊपट जड आहे. पितळेची घनता साधारण 8.5 असल्याने त्याचे प्रमाण नऊपटीच्या किंचित खाली येते. चांदीची घनता 10.5 आहे, म्हणून तिचे खरे प्रमाण जवळजवळ अकरापट भरते. बारापट चांदी घेतली तर नळ्यांसाठी आणि घटीसाठी थोडी शिल्लक उरते. सोन्याचे मात्र वेगळे आहे. शुद्ध सोन्याची घनता 19.3, म्हणजे मेणाच्या वीसपट. सोळापट शुद्ध सोने ओतले तर साचा भरणार नाही. सोळापट जुळते ते पाऊण भाग सोने आणि पाव भाग तांबे-चांदी अशा मिश्र सोन्याला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यायची: कुठलाही पाढा एका ठरावीक मेणासाठी आणि एका ठरावीक धातूसाठीच खरा असतो. मेण बदलले किंवा धातू बदलला की पाढाही बदलतो.

आणि मेण तर कारखान्यागणिक बदलते. राळ मेणापेक्षा जड असते, त्यामुळे तिचे प्रमाण वाढले की मिश्रणाची घनता वाढत जाऊन एकच्या आसपास पोहोचते. आज अनेक जण स्वस्त म्हणून पॅराफिन मेण वापरतात. त्याची घनता 0.9 च्या जवळ असते. तीच मूर्ती, तेच माप. पण राळेच्या मेणात केली तर नमुना जड भरेल आणि पॅराफिनमध्ये केली तर सुमारे दहा टक्के हलका. दोन्हींना ‘आठपट’ लावले तर एकाच आकाराच्या मूर्तीची दोन वेगळी वजने निघतील. म्हणून मेणाचे वजन घेण्यापेक्षा त्याचे घनफळच मोजणे जास्त भरवशाचे.

घनफळ मोजण्याची सोपी रीत अशी. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली बादली ठेवायची आणि काट्यावरचा आकडा शून्य करायचा. मग मेणाची मूर्ती बारीक तारेने पाण्यात पूर्ण बुडेल इतकी खाली दाबायची. ती तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे घन सेंटिमीटर मूर्तीचे घनफळ. बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते तितका भार बादलीवर वाढतो आणि एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. मूर्ती तरंगणारी असो वा बुडणारी, ही रीत दोन्हीला चालते. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडलेले पाणी मोजण्यापेक्षा ती अचूक आहे, कारण सांडताना थोडे पाणी भांड्याच्या कडेला चिकटून राहते. एवढीच काळजी घ्यायची की मुकुटाच्या नक्षीत किंवा हातांच्या बेचक्यात हवेचे बुडबुडे अडकू नयेत. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला आणि मऊ कुंचला फिरवला की ते निघून जातात.

दुसरी बाजू धातूची. पंचधातू म्हणजे तांबे, जस्त, शिसे, चांदी आणि सोने अशी सर्वसाधारण समजूत असली तरी वजनाच्या दृष्टीने जवळजवळ सगळा भार तांबे आणि पितळ उचलतात. चांदी-सोने बहुधा भाविकांनी वाहिलेले, काही ग्रॅमचे असते. समजा 100 किलो मिश्रणात 85 किलो तांबे, 13 किलो पितळ आणि 2 किलो शिसे आहे. इथे घनतांची सरळ सरासरी काढणे चुकीचे ठरते. प्रत्येक धातू किती जागा व्यापतो ते काढायचे, त्या जागांची बेरीज करायची आणि एकूण वजनाला तिने भागायचे. तसे केले की या मिश्रणाची घनता 8.9 च्या थोडी वर येते. ओतलेल्या धातूत सूक्ष्म छिद्रे राहतातच, म्हणून हिशेबाला 8.8 धरणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात ‘पंचधातू’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मूर्ती प्रत्यक्षात मुख्यतः पितळेच्या असतात. तिथे 8.4 किंवा 8.5 धरावे.

आता एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. विठ्ठलाची एक फूट उंचीची, कटीवर कर ठेवलेली, विटेसह भरीव मूर्ती करायची आहे. मेणाचा नमुना तयार झाला आहे. नळ्या जोडण्याआधी त्याचे वजन 735 ग्रॅम भरले आणि पाण्यात बुडवल्यावर घनफळ 750 घन सेंटिमीटर निघाले. म्हणजे या मेणाची घनता 0.98. धातूची घनता 8.8 धरली तर 750 गुणिले 8.8 म्हणजे 6 किलो 600 ग्रॅम. मेणाशी प्रमाण जवळजवळ नऊपट आले. या कारखान्यात हेच मेण आणि हाच धातू वापरला जात असेल, तर पुढच्या मूर्तींना नुसते मेण तोलून नऊपट करता येईल. असा स्वतःचा पाढा एकदा काढून ठेवावा.

पण 6 किलो 600 ग्रॅम हे तयार मूर्तीचे वजन नाही. तांब्याचे मिश्रण गोठल्यानंतर थंड होता होता आखडते आणि लांबीत साधारण दीड टक्का कमी होते. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दीड टक्क्याने घटल्या की घनफळ साडेचार टक्क्यांनी घटते. म्हणजे मूर्ती सुमारे 717 घन सेंटिमीटर आणि 6 किलो 300 ग्रॅमवर येते. मग छिन्नी, कानस आणि पॉलिश. स्वामीमलैच्या मूर्तीवर दागिन्यांची आणि वस्त्रांची बरीच नक्षी धातूवर नव्याने कोरली जाते. त्यात तीन टक्के धातू गेला असे धरले, तर देवळात पोहोचणारा विठ्ठल 6 किलो 100 ग्रॅमच्या आसपास असेल.

मुशीत टाकायच्या धातूचा हिशेब मात्र उलट दिशेने वाढतो. नळ्या, ओतण्याचे नसराळे आणि जोड यांना समजा 220 ग्रॅम मेण लागले. नऊपटीने त्यांना जवळपास दोन किलो धातू लागेल. हा धातू नंतर कापून परत मिळतो, पण ओतताना तो हातात असलाच पाहिजे. गोठताना धातू आकसतो तेव्हा मूर्तीच्या जाड भागात पोकळी पडू नये म्हणून वरच्या नसराळ्यातला पातळ धातू खाली उतरून ती जागा भरतो. मूर्ती आणि नळ्या मिळून 8 किलो 600 ग्रॅम झाले. त्यावर मळी, मुशीला चिकटणारा धातू आणि जळणारे जस्त यांची भर घालायची. तांबे 1085 अंशांना वितळते आणि जस्त तर 907 अंशांनाच उकळते. म्हणून पितळ घातलेल्या मुशीतून पांढरा धूर निघतो आणि काही जस्त हवेत जाते. दहा टक्के जादा धरले तर साडेनऊ किलो धातू वितळवावा लागेल.

एकाच मूर्तीची अशी तीन वजने आहेत: तयार मूर्तीचे सुमारे सहा किलो, साच्यात जाणारे साडेआठ किलो आणि मुशीत टाकायचे साडेनऊ किलो. गिऱ्हाईक आणि ओतारी यांच्यात वजनावरून होणारे पुष्कळ वाद यातूनच उद्भवतात. एक जण पहिल्या वजनाबद्दल बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्याबद्दल. धातू आपला देऊन मूर्ती करून घेण्याची पद्धत असते तिथे हा फरक आधीच बोलून घ्यायला हवा, कारण नळ्यांचा कापलेला धातू कोणाचा, हा पैशांचा प्रश्न आहे. धातूची घट म्हणजे नेहमी लबाडी असते असे नाही. पण ती किती धरली आहे हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

मोठ्या चुका होतात त्या उंचीच्या बाबतीत. एक फुटाची मूर्ती सहा किलोची, तर दोन फुटांची बारा किलोची असेल, असे सहज वाटते. उंची दुप्पट केली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, म्हणून घनफळ आठपट होते. दोन फुटांचा तोच विठ्ठल जवळपास 49 किलोचा होईल. दीड फुटांचा केला तर तो 20 ते 21 किलोंचा होईल. शेवटच्या क्षणी ‘थोडी मोठी करा’ म्हणून दोन फुटांत फक्त पाच टक्के, म्हणजे सव्वा इंच वाढवला, तरी वजन जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढते. आठ किलो धातू जादा लागतो. छोट्या नमुन्यावरून मोठ्या मूर्तीचा अंदाज करताना मापातली चूकही अशीच तिपटीने वाढते. दोन टक्क्यांची चूक उंची मोजताना झाली, तर वजनात सहा टक्क्यांची होते.

महाराष्ट्रात मोठी मूर्ती करताना मूर्तिकार बहुधा आधी मातीत काम करतात, शाडूत किंवा तेलाच्या मातीत. मातीवरून साचा काढतात आणि साच्यातून मेण. शाडूचा नमुना पाण्यात बुडवता येत नाही. तो पाणी पितो आणि विरघळतो. तिथे मातीच्या वजनाचा उपयोग करावा लागतो. त्याच मातीचा पाच सेंटिमीटर लांब, पाच रुंद आणि चार उंच असा ठोकळा चांगला दाबून करायचा. त्याचे घनफळ 100 घन सेंटिमीटर असते. तो 185 ग्रॅम भरला तर मातीची घनता 1.85. कामाला किती माती लागली हे सुरुवातीचा गोळा आणि उरलेली माती तोलून कळते. आपल्या दोन फुटी विठ्ठलाला 10 किलो 360 ग्रॅम माती लागली असेल, तर तिचे घनफळ 5,600 घन सेंटिमीटर होते. पण मातीच्या आत लाकडाचा व लोखंडी तारांचा सांगाडा आहे. धातूच्या मूर्तीत ती जागाही धातूनेच भरणार आहे. सांगाड्याने 400 घन सेंटिमीटर जागा व्यापली असेल, तर एकूण 6,000 झाले. इथे सांगाड्याचे वजन मिळवायचे नसते, त्याची जागा मिळवायची असते. 6,000 ला 8.8 ने गुणून आखडणे आणि कोरीव काम वजा केले की पुन्हा 49 किलोच येतात. छोट्या नमुन्यावरून काढलेला आकडा आणि मातीवरून काढलेला आकडा असा जुळला, तर हिशेबावर विसंबायला हरकत नाही.

मातीचे काम करताना वेळ पाळावी लागते. ओली माती सुकताना आखडते. शाडू लांबीत सहा टक्के आखडली तर घनफळ सतरा टक्क्यांनी कमी होते. म्हणून ठोकळा आणि मूर्ती एकाच ओलाव्याची असताना तोलायची आणि साचाही त्याच वेळी काढायचा. साच्यातून काढलेले मेणही थंड होताना थोडे आकसते. त्यामुळे मातीवरून काढलेला अंदाज मेणावरच्या अंदाजापेक्षा नेहमी दोन-तीन टक्के जास्त निघतो. साच्यातून मेण हातात आले की ते पुन्हा एकदा मोजावे आणि अंतिम आकडा त्यावरूनच ठरवावा.

मूर्ती तयार झाल्यावर हेच गणित तपासणीला उपयोगी पडते. एक फुटी विठ्ठल काट्यावर 6 किलो 120 ग्रॅम भरला. मग दोरीने टांगून बादलीतल्या पाण्यात बुडवला आणि घनफळ 695 निघाले. भागाकार 8.8 येतो. मूर्ती भरीव आहे. तेवढ्याच घनफळाची मूर्ती पाच किलोच भरली तर घनता 7.2 येते. तांबे-पितळेचे कुठलेही मिश्रण इतके हलके नसते. आत मातीचा गाभा तरी आहे किंवा मोठी पोकळी तरी. वजन अपेक्षेपेक्षा कमी, पण घनताही 8.5 च्या वर असेल, तर मूर्ती लहान झाली आहे, पोकळ नव्हे. मेणाच्या नमुन्याच्या घनफळाशी ताडून तेही कळते.

या परीक्षेच्या मर्यादाही आहेत. तळाशी उघडी असलेली पोकळ मूर्ती बुडवली की पाणी आत शिरते आणि घनता भरीव मूर्तीसारखीच दिसते. अशी मूर्ती आधी तळाकडून बघावी. पितळ, कांसे आणि तांब्याची मिश्रणे यांच्या घनता इतक्या जवळजवळ असतात की बारीक छिद्रे असलेले तांबे आणि घट्ट ओतलेले पितळ या रीतीने वेगळे ओळखता येत नाहीत. आणि 6 किलोत घातलेले दोन ग्रॅम सोने कुठल्याही काट्याला दिसणार नाही. ते हवे असेल तर मुशीत टाकताना समोर उभे राहणे हाच उपाय. शिवाय ही तपासणी प्राणप्रतिष्ठेच्या आधी करायची, हे सांगायला नको.

मूर्तीची मागणी नोंदवताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मेणाच्या अंतिम नमुन्याचे घनफळ, धातूचे मिश्रण आणि धरलेली घनता, तयार मूर्तीचे अपेक्षित वजन व त्यात मान्य असलेली पाच टक्क्यांची कमी-जास्ती, आणि नळ्यांचा धातू कोणाचा. चांगला ओतारी हे सगळे विचारल्यावर बिचकत नाही, कारण मुशीत धातू कमी पडून अर्धी भरलेली मूर्ती फोडण्याचे नुकसान त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मेण साच्यातून वितळून गेले की मोजण्याची संधी संपते. म्हणून लेप चढण्याआधीच नमुना तोलायचा, बुडवायचा आणि आकडा लिहून ठेवायचा.